एका रेघेची दुरुस्ती

साहेबांचं आणि सिस्टरचं पहिल्या दिवसापासूनच विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, आणि दोघांपैकी कुणीही ते लपवायच्या भानगडीत पडत नव्हतं. साहेब म्हणजे रुग्णालयाचे उपसंचालक. सिस्टर म्हणजे बावीस वर्षं वॉर्डात उभ्याने काढल्यावर मणक्याने संप पुकारला म्हणून ऑफिसातल्या खुर्चीत आणून बसवलेली बाई. हुद्दा ‘प्रकल्प समन्वयक’. तशी पाटीही होती दारावर, पण शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत. साहेबही म्हणत, फक्त त्यांच्या तोंडून तो शब्द आला की ‘तुझी जागा तिकडे खाली’ असं ऐकू यायचं.

खाली परत जाणं सिस्टरना शक्य नव्हतं. डॉक्टरांनी लेखी दिलं होतं, रुग्ण उचलायचा नाही, चार तासांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. ही खुर्ची गेली तर दुसरी खुर्ची नव्हती, आणि घरात मिळवतं माणूस दुसरं नव्हतं. साहेबांना हे चांगलं माहीत होतं.

प्रकल्प होता डायलिसिस विभागाच्या स्थलांतराचा. जुनी इमारत पाडायची, तिथली चौदा मशिन्स नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर न्यायची आणि बासष्ट रुग्णांचे डायलिसिसचे ठरलेले वार न चुकवता काम सुरू ठेवायचं. येत्या सोमवारी स्थलांतर, बुधवारी इमारत पाडणाऱ्या कंत्राटदाराच्या ताब्यात जुन्या इमारतीच्या किल्ल्या. तीन महिन्यांपूर्वी समितीने मंजूर केलेल्या तारखा होत्या या. मुहूर्त ठरलेला, मांडव घातलेला, आणि मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेतून पाण्याचा अहवाल आला.

अहवाल घेऊन सिस्टर नव्या इमारतीतल्या पाण्याच्या खोलीत गेल्या. तिथे पाण्याचा तंत्रज्ञ होता. वय साठीला टेकलेलं, जीभ करवतीसारखी, सगळे त्याला नळमामा म्हणायचे. निळ्या टाक्यांच्या मधे स्टुलावर बसून तो पाना पुसत होता.

“नापास ना?” अहवाल न बघताच तो म्हणाला.

“तीनपैकी दोन. टाकीजवळचा नमुना चाळीस आला. नळीच्या मधला दोनशे चाळीस, शेवटचा तीनशे दहा.”

“आणि मर्यादा?”

“मिलिलीटरला शंभर जंतू.”

“मग मला काय दाखवताय? मी दोन महिन्यांपूर्वी बोंबलत होतो तेव्हा तुम्ही कुठे होतात बाई? इथेच होतात. याच स्टुलाशेजारी उभ्या होतात.”

खरं होतं ते. डायलिसिसला लागणारं पाणी एका वेटोळ्या नळीतून सतत फिरत राहावं लागतं. ते कुठे थांबलं की तिथे जंतू घर करतात, आणि रुग्णाचं रक्त या पाण्यापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावर असतं. नव्या इमारतीत साहेबांनी हौसेने पंधराव्या मशिनची सोय करून ठेवायला सांगितली होती. मशिन आलंच नाही. त्याच्यासाठी काढलेला दोन मीटरचा फाटा मात्र टोपण लावून तसाच राहिला. त्यात पाणी शिरायचं आणि उभं राहायचं. नळमामाने हे दाखवलं तेव्हा सिस्टरनी साहेबांना सांगितलं होतं, साहेबांनी ‘बघू’ म्हटलं होतं, आणि त्या महिन्याच्या पानावर सिस्टरनी प्रकल्पाची स्थिती हिरवी लिहिली होती. नमुने अजून घेतलेच नव्हते. मनाला समजवायला तेवढं पुरलं.

“किती दिवस लागतील?” त्यांनी विचारलं.

“फाटा कापून नळी जोडायला दोन दिवस. निर्जंतुक करायला एक. मग नमुना, त्यातल्या जंतूंची वाढ बघायला सात दिवस. एकदा पास झालं म्हणून मी मशिन जोडू देणार नाही, दोन खेपा पास हवेत. तीन आठवडे धरा. आणि सोमवारी तुम्ही माणसं आणलीत तर मी ती मुख्य चावी फिरवणार नाही. नोकरी गेली तरी चालेल.”

“तुमची गेली तरी तुम्हाला पेन्शन आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“म्हणून तर बोलतोय. ज्यांना नाही त्या गप्प बसतात,” नळमामा म्हणाला आणि पाना पुसायला लागला.

हा टोमणा जिव्हारी लागला, कारण तो बरोबर होता.

* * *

रुग्णालयाचे मोठे निर्णय साहेब धरून सात जणांची समिती दर गुरुवारी सकाळी दहा वाजता घ्यायची. अध्यक्षबाई कडक. दुसरं पान मी उलटत नाही, हा त्यांचा नियम. प्रत्येक प्रकल्पाला एक पान, त्यावर चार चौकटी: उद्देश, स्थिती, आकडे, निर्णय. बैठकीची पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, सगळ्यांनी सगळी पानं वाचायची. मग निर्णयाचे विषय आधी, आणि ज्यांच्यावर ‘माहितीसाठी’ असा शिक्का ते शेवटी, म्हणजे खरं तर कधीच नाही. पान ज्याने तयार केलं तो भिंतीकडच्या खुर्चीत बसणार, विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. आणि एकदा एका पानावरचा चुकीचा आकडा कुणीच आपला म्हणेना, तेव्हापासून अध्यक्षबाईंनी आणखी एक नियम काढला होता. सातही प्रतींवर खाली उजवीकडे, तयार करणाऱ्याची शाईची सही. सही नसलेलं पान टेबलावर येणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी सिस्टरनी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पान लिहायला घेतलं. बावीस वर्षं केसपेपर लिहिलेला हात. त्याला सगळं सांगायची सवय. कधी दाखल झाला, काय तक्रार, काय दिलं, मग काय झालं. तसंच त्यांनी लिहिलं. प्रकल्प केव्हा सुरू झाला, कोणती परवानगी कधी आली, रंग कधी लागला, लिफ्ट कधी चालू झाली. पाण्याचा विषय खालून चौथ्या ओळीत आला, आणि तिथे पोहोचेपर्यंत अक्षर मुंगीएवढं करावं लागलं.

पलीकडे त्यांची आई बसली होती. ऐंशी वर्षांची, डोळे शाबूत, जीभ त्याहून शाबूत. तिने हात पुढे केला. “बघू.”

“तुला काय कळणार आहे त्यातलं?”

“न कळणाऱ्यांसाठीच लिहितेस ना? त्या तुझ्या अध्यक्षबाईला तरी पाण्यातलं काय कळतंय?”

आईने वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला.

“लहानपणीही अशीच होतीस,” ती म्हणाली. “तासभर रडायचीस. बाहुली पडली, ताईने चिमटा काढला, ऊन लागतंय. आणि शेवटी कळायचं की भूक लागलीय. अगं, त्यांनी करायचं काय ते सांग ना आधी.”

“सांगितलंय खाली.”

“खालपर्यंत यायला त्यांना तुझी आई व्हावं लागेल.”

सिस्टरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी कागद ओढून घेतला, चुरगळला आणि नवा घेतला. पण या वेळी लेखणी वरच्या चौकटीवर थांबली. लिफ्ट गेली. रंग गेला. परवानग्या गेल्या. प्रत्येक ओळीला त्यांनी एकच प्रश्न विचारला, ही ओळ काढली तर समितीचा निर्णय बदलेल का? नाही म्हटलं की ओळ बाद. दोन तासांत पान एवढं उरलं:

निर्णय हवा (आजच): स्थलांतर सोमवारऐवजी तीन आठवड्यांनी करावं. इमारत पाडणाऱ्या कंत्राटदाराला आज संध्याकाळपर्यंत कळवलं तरच तारीख बदलता येते. शिफारस: पुढे ढकलावं.

उद्देश: बासष्ट रुग्णांचं डायलिसिस एकही वार न चुकवता नव्या जागी नेणं.

स्थिती: लाल. पाण्याच्या तीन नमुन्यांपैकी दोन नापास. कारण सापडलं आहे, दोन मीटरचा न वापरलेला फाटा.

आकडे: मर्यादा शंभर, आलेले दोनशे चाळीस आणि तीनशे दहा. दुरुस्ती व दोनदा तपासणी एकवीस दिवस. कंत्राटदाराची भरपाई दिवसाला अठरा हजार, एकूण तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार. सोमवारीच हलवलं तर बासष्ट रुग्णांना नापास पाणी.

आईने वाचलं, एकदाच. “हं,” ती म्हणाली. आईच्या तोंडून ‘हं’ निघणं म्हणजे सुवर्णपदक. सिस्टरनी पान जपून फाइलमध्ये ठेवलं.

* * *

बुधवारी साहेबांनी ते पान दोन बोटांत धरलं. मेलेला उंदीर शेपटीने धरतात तसं.

“लाल?” ते म्हणाले.

“लाल आहे म्हणून लाल.”

“सिस्टर, वॉर्ड संपला तुमचा. इथे कुणाला ताप आला म्हणून घंटी वाजवायची नसते. प्रकल्पात एकूण कामं किती?”

“सत्तेचाळीस.”

“झाली किती?”

“चव्वेचाळीस.”

“म्हणजे चौऱ्याण्णव टक्के. चौऱ्याण्णव टक्के प्रकल्प लाल असतो कुठे?”

“साहेब, त्या चव्वेचाळिसांत पडदे आहेत, पाट्या आहेत, प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या आहेत. राहिलेल्या तिनांत पाणी आहे. उरलेलं सगळं झालं आणि पाणी नाही झालं, तर शून्य टक्के झालं.”

“हे तुमचं गणित?”

“हे रुग्णांचं गणित.”

साहेबांनी लाल शाईचं पेन उघडलं. माणूस हुशार होता, यात वाद नाही. लाल खोडून ‘पिवळी’ केलं, शेजारी ‘चौऱ्याण्णव टक्के पूर्ण’ असं लिहिलं. नमुन्यांचे आकडे काढून ‘पाण्याच्या गुणवत्तेबाबत किरकोळ सुधारणा प्रगतिपथावर, तपशील परिशिष्टात’ असं लिहिलं. परिशिष्ट म्हणजे दुसरं पान, आणि दुसरं पान म्हणजे केराची टोपली, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? शेवटी त्यांनी निर्णयाच्या चौकटीत ‘नाही’ लिहिलं आणि माथ्यावर ‘माहितीसाठी’.

“फाट्याचं मी बघतो,” ते म्हणाले. “सोमवारनंतर एखाद्या रविवारी कापून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि तोवर त्यांच्या रक्ताजवळ काय जाईल?”

“आवाज खाली.” साहेब खुर्चीत पुढे सरकले. “हे असं छापलं जाईल आणि उद्या तुम्ही सातही प्रतींवर सही कराल. नाही केलीत, तर पान टेबलावर येणार नाही. पान आलं नाही तर तारीख आपोआप सोमवारच राहील, कारण ती मंजूर आहे. म्हणजे सही करा, नका करू, सोमवार टळत नाही. फरक एवढाच, की नाही केलीत तर मंगळवारी मी तुम्हाला वॉर्डात बदली देईन. रात्रपाळी. कळलं?”

“कळलं,” सिस्टर म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. राग इतका आला होता की कानशिलं तापली होती, आणि भीती त्याहून जास्त वाटत होती. अध्यक्षबाईंना फोन करावा? त्या बैठकीबाहेर कुणाचं ऐकत नसत, गेल्या वर्षी एकाने प्रयत्न केला तर त्याचंच नाव कार्यवृत्तात लिहिलं गेलं होतं. साहेब बोलले त्यात दुर्दैवाने काहीच खोटं नव्हतं. आडात पडलं तरी तेच आणि विहिरीत पडलं तरी तेच.

* * *

गुरुवारी साडेनऊला समितीच्या खोलीबाहेरच्या लहान टेबलावर सात प्रती मांडल्या होत्या. समितीचा कारकून पलीकडे बसून पाण्याचे पेले पुसत होता. साहेब आत गेले होते, दाराच्या काचेतून त्यांचं हसणं दिसत होतं.

सिस्टर बसल्या. पेन उघडलं. पहिल्या प्रतीवर खाली उजवीकडे रिकामी रेघ, त्यावर छापलेलं ‘तयार करणाऱ्याची सही’.

हे मी तयार केलेलं नाही, त्यांच्या मनात आलं. आणि त्याच क्षणी त्यांना वॉर्डातला पहिला आठवडा आठवला. केसपेपरवर डोस चुकीचा लिहिला गेला म्हणून त्यांनी तो रबराने पुसला होता, आणि मोठ्या सिस्टरनी सगळ्यांसमोर त्यांचा हात मनगटाला धरून वर केला होता. इथे पुसायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं. आद्याक्षरं, तारीख, वेळ. काय चुकलं होतं आणि कुणी सुधारलं, दोन्ही कागदावर राहिलं पाहिजे. बावीस वर्षांत त्यांनी अशा किती रेघा मारल्या असतील! या रुग्णालयातला हा सगळ्यात जुना नियम होता, आणि तो समितीच्या पानांना लागू नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी ‘पिवळी’वर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, लाल. आद्याक्षरं, तारीख, नऊ पस्तीस.

‘चौऱ्याण्णव टक्के’वर रेघ. शेजारी, नमुने तीन, नापास दोन: २४०, ३१०, मर्यादा १००.

‘किरकोळ सुधारणा’वर रेघ. दुरुस्ती व तपासणी २१ दिवस, भरपाई ३,७८,०००.

‘नाही’वर रेघ. तीन आठवडे पुढे ढकलावं, कंत्राटदाराला आजच कळवावं.

आणि माथ्यावरच्या ‘माहितीसाठी’वर रेघ. निर्णयासाठी.

सात प्रती, पस्तीस रेघा. एकही वाकडी नाही. खाली सही केली तेव्हा दहाला पाच मिनिटं होती.

कारकुनाने गठ्ठा उचलला, वरचं पान पाहिलं आणि सिस्टरकडे पाहिलं.

“हे असं चालतं?”

“सही आहे ना?”

“आहे.”

“सात आहेत ना?”

त्याने मोजल्या. “सात आहेत,” तो म्हणाला आणि आत गेला. त्याच्या नोकरीचं वर्णन तेवढंच होतं.

* * *

वाचनाची दहा मिनिटं. सिस्टर भिंतीकडच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, कारण वाकून बसलं की पाठ ओरडायची. टेबलाच्या त्या बाजूला साहेब आरामात पानं उलटत होते. ते डायलिसिसच्या पानावर आले आणि त्यांची मान हळूच वर झाली. त्यांनी सिस्टरकडे असं पाहिलं की खोलीत दुसरं कुणी नसतं तर त्यांनी पेपरवेट फेकला असता. पण शांततेची दहा मिनिटं होती. बोलता येत नव्हतं. अध्यक्षबाईंच्या नियमाने आज पहिल्यांदाच त्यांचं तोंड बांधलं होतं.

घड्याळात दहा दहा झाले. अध्यक्षबाईंनी गठ्ठ्याच्या तळातून एक पान ओढून वर ठेवलं.

“हे काय आहे?”

“मॅडम, माफी असावी,” साहेब घाईने म्हणाले. “छापील मजकूर मी तपासलेला आहे. हे हाताने लिहिलेलं अनधिकृत आहे. सिस्टर मूळच्या वॉर्डातल्या, त्यांना या कागदाचं स्वरूप नीट—”

“नमुने नापास आहेत की नाहीत?”

“तांत्रिकदृष्ट्या तसं—”

“आहेत की नाहीत?”

“आहेत,” साहेब म्हणाले.

“मग ‘पिवळी’ कुणी लिहिलं?”

साहेबांनी घसा साफ केला. प्रकल्प एकूणात बघितला तर, चव्वेचाळीस कामं, असं काहीतरी ते बोलायला लागले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि इथे तर टोपलीच सात ठिकाणी उघडी पडली होती. सातही माणसांसमोर रेघेखालचा शब्द आणि रेघेशेजारचा शब्द दोन्ही होते. अध्यक्षबाईंनी हात वर केला, साहेब थांबले.

“स्थलांतर तीन आठवडे पुढे. कुणाची हरकत?” कुणाची नव्हती. “कंत्राटदाराला आत्ता फोन करा. फाटा आज कापायला घ्या. उपसंचालक, तुम्ही बैठकीनंतर थांबा.”

एवढं चार मिनिटांत झालं. बासष्ट माणसांचा सोमवार वाचला. सिस्टरनी श्वास सोडला, आणि तो पुरता सोडून व्हायच्या आत अध्यक्षबाईंनी शेजारची फाइल ओढली.

“सिस्टर, उभ्या राहा.”

सिस्टर उभ्या राहिल्या.

“हे दोन महिन्यांपूर्वीचं पान. स्थिती हिरवी. खाली सही कुणाची?”

“माझी.”

“तेव्हा हा फाटा होता?”

साहेबांच्या चेहऱ्यावर थोडा रंग परतला. सिस्टरना वाटलं, नव्हता म्हणावं. किंवा साहेबांकडे बोट दाखवावं, ‘यांनी बघतो म्हटलं’. तेही खरंच होतं.

“होता,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत होता?”

“तंत्रज्ञांनी दाखवला होता. पाणी उभं राहतं हेही सांगितलं होतं. नमुने अजून घेतले नव्हते.”

“मग रेघ तेव्हा का नाही मारलीत?”

“घाबरले.”

“कशाला?”

“खुर्चीला.”

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर दयामाया शोधायची म्हणजे दगडात पाझर शोधण्यासारखं होतं. “तेव्हा कापला असता तर दोन दिवसांचं काम होतं,” त्या म्हणाल्या. “आज तीन आठवडे आणि पावणेचार लाख झाले. तुमच्या आजच्या धाडसाचं मी कौतुक करावं अशी अपेक्षा असेल तर सोडून द्या. इकडे या.”

सिस्टर टेबलाजवळ गेल्या. अध्यक्षबाईंनी दोन महिन्यांपूर्वीचं पान त्यांच्यासमोर सरकवलं आणि आपलं पेन दिलं.

“हेही दुरुस्त करा. तुमच्याच पद्धतीने.”

‘हिरवी’. स्वतःच्या हाताने टाइप केलेला शब्द. सिस्टरनी पेन टेकवलं. मघाशी पस्तीसच्या पस्तीस रेघा सरळ आल्या होत्या, ही एक वाकडी आली. शेजारी त्यांनी लिहिलं, पिवळी, फाट्यात पाणी उभं राहतं. आद्याक्षरं. तारीख आजची, कारण मागची तारीख घालता येत नाही. वेळ, दहा अठरा.

“उद्या सकाळपर्यंत खुलासा हवा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “एका पानात. पुढचा विषय.”

* * *

बाहेर साहेबांची आणि त्यांची गाठ पडलीच नाही, ते अजून आत होते. नळमामा मात्र जिन्यात भेटला, खांद्यावर नळी कापायची करवत.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “दोन महिने उशिरा.”

“माहीत आहे.”

“फाटा कापतोय. बघायला या हवं तर.” आणि तो वर चढायला लागला. शाबासकी देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, पण बोलावणं त्याने याआधी कुणाला केलं नव्हतं.

संध्याकाळी सिस्टर त्याच टेबलाशी बसल्या. कोऱ्या कागदावर चार चौकटी आखल्या आणि आईला घडलं ते सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही टोकलं नाही, म्हणजे तीही घाबरली होती. मग लिहायला लागल्या.

निर्णय हवा: मला या कामावर ठेवायचं की काढायचं. वॉर्डातली बदली मला झेपणार नाही, म्हणून बदली म्हणजे काढणंच समजावं.

उद्देश: दोन महिन्यांपूर्वीची चुकीची स्थिती माझ्या सहीने का गेली, ते सांगणं.

आकडे: फाटा माहीत होता ते दिवस साठ. गप्प राहिले ते दिवस एकोणसाठ. त्यामुळे वाढलेला खर्च तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार. धोक्यात आले असते ते रुग्ण बासष्ट.

आईने कागद ओढून घेतला, वाचला. एकदाच.

“शिफारस कुठाय?” ती म्हणाली. “परवा लिहिली होतीस ना? त्यांना विचारतेस आणि तुला काय हवं ते सांगत नाहीस. पुन्हा तेच रडं.”

सिस्टरनी पेन हातात घेतलं. स्वतःसाठी मागायला जीभ उचलत नव्हती, मग हात कसा उचलणार? पण आई समोरून हलत नव्हती. शेवटी त्यांनी वरच्या चौकटीत लिहिलं: शिफारस, ठेवावं. यापुढे पाण्याबाबतच्या प्रत्येक पानावर माझ्याबरोबर तंत्रज्ञांचीही सही घ्यावी, म्हणजे एक माणूस घाबरला तरी पान खोटं जाणार नाही.

“आणि ही चौकट?” आईने बोट ठेवलं. स्थितीची चौकट रिकामीच होती. “तुझा रंग कोणता?”

सिस्टरनी पेन त्या चौकटीवर आणलं. पिवळी लिहिता आलं असतं. सुधारणा प्रगतिपथावर, असंही लिहिता आलं असतं, आणि ते फारसं खोटंही नसतं.

त्यांनी ‘लाल’ लिहिलं, आणि खाली उजवीकडे सही केली.